नोटिशीतला ‘नियम’ नेमका कुठला?

आमच्या गृहनिर्माण संस्थेचे सचिवपद स्वीकारल्यावर पहिले काम हाती आले ते सूचना फलकावर लावायच्या एका नोटिशीचे. समितीने दिलेल्या मसुद्यात तीन बाबी होत्या: भाड्याने दिलेल्या सदनिकांवर १५ टक्के बिनभोगवटा शुल्क, घरदुरुस्तीच्या कामाच्या वेळा आणि त्या वेळा न पाळणाऱ्यास ५०० रुपये दंड. पहिल्या बाबीपुढे ‘धोरणानुसार’, दुसरीपुढे ‘उपविधींनुसार’ आणि तिसरीपुढे ‘नियमांनुसार’ असे लिहिले होते. नोटिशीखाली सही माझी असणार होती, म्हणून प्रत्येक शब्दामागे कोणता कागद आहे हे पाहिल्याशिवाय ती फलकावर लावायची नाही, असे मी ठरवले.

सहकार कायद्यात या शब्दांची उतरंड स्पष्ट आहे. सर्वांत वर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०, तो विधिमंडळाचा. त्याखाली शासनाने केलेले १९६१ चे नियम, आणि त्याखाली संस्थेचे स्वतःचे उपविधी. म्हणजे ‘नियम’ करण्याचा अधिकार संस्थेला नाहीच. ‘धोरण’ या शब्दाला तर या उतरंडीत जागाच नाही. समितीने कामाची दिशा म्हणून ते जरूर ठरवावे, पण केवळ त्याच्या आधारे सभासदाकडून पैसे मागता येत नाहीत.

कार्यालयात आदर्श उपविधींची बाजारात मिळणारी छापील पुस्तिका होती आणि सगळे तिच्यावरच विसंबत असत. परंतु आदर्श उपविधी हा नमुना असतो. सर्वसाधारण सभेने तो स्वीकारून निबंधकांनी नोंदवल्यावरच तो त्या संस्थेचा उपविधी ठरतो. म्हणून मी कपाटातून निबंधक कार्यालयाचा शिक्का व नोंदणीचे प्रमाणपत्र असलेली प्रत शोधून काढली आणि पुढचे सारे तिच्यावरून तपासले.

घरात फेरबदल करण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी घ्यावी, एवढेच त्या प्रतीत होते. कामाच्या वेळांचा उल्लेख नव्हता. त्या वेळा मागील वार्षिक सभेच्या इतिवृत्तात सापडल्या. समितीतील एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “अहो, सभेने एकमताने मंजूर केलंय, मग तो उपविधीच झाला ना?” मी त्यांना अधिनियमाचे कलम १३ दाखवले: उपविधीतील दुरुस्ती नोंदवली जाईपर्यंत ती वैध नसते. त्यासाठी सभेत हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश सभासदांची संमती आणि त्यानंतर निबंधकांकडे प्रस्ताव, असा रस्ता आहे. आमच्या वेळा हा साधा ठराव होता. उपविधीशी त्याचा विरोध नसल्यामुळे तो पाळायलाच हवा, फक्त नोटिशीत त्याला ठरावच म्हणायला हवे, हे त्यांनाही पटले.

खरा प्रश्न शुल्काचा होता. राज्य शासनाने अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली १ ऑगस्ट २००१ रोजी काढलेल्या आदेशाने बिनभोगवटा शुल्काला सेवा शुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली आहे, आणि २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. समितीत या आदेशाला ‘मार्गदर्शक सूचना’ म्हटले जात होते आणि त्या शब्दामुळेच तो ऐच्छिक वाटत होता. शिवाय आकारणी पूर्ण बिलावर धरलेली होती. एका सदनिकेचे मासिक बिल ३,१०० रुपये. त्यातील सेवा शुल्क २,४००, उरलेली रक्कम महापालिकेचा कर, पाणी आणि दुरुस्ती निधी यांची. मसुद्याप्रमाणे भाडेकरू ठेवणाऱ्या सभासदाला ४६५ रुपये आले असते, तर आदेशाप्रमाणे कमाल २४० येतात. दरमहा २२५ रुपयांची जादा आकारणी एका सैल शब्दाच्या आडून निघून गेली असती, याचे मला फार वाईट वाटले.

दंडाला मात्र कोणताच आधार सापडला नाही. आमच्या उपविधींप्रमाणे दंडाची रक्कम सर्वसाधारण सभेने ठरवायची असते आणि आकारण्यापूर्वी त्या सभासदाला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकून घ्यायचे असते. समितीने परस्पर ठरवलेला आकडा नोटिशीत घालणे मी नाकारले.

समितीच्या पुढच्या बैठकीत बराच वेळ चर्चा झाली आणि नोटिशीत दोनच बाबी राहिल्या. शुल्कापुढे “शासनाच्या दि. १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार, सेवा शुल्काच्या १० टक्के” असे आले आणि कामाच्या वेळांपुढे सभेची तारीख व ठराव क्रमांक. दंडाचा विषय आगामी वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत घेतला असून तिची सूचना पूर्ण १४ दिवस आधी सभासदांच्या हाती पडेल, अशी व्यवस्था केली आहे.