न पेटलेला दिवा

गेल्या दिवाळीआधी मी पुण्यात 2015 ची एक पेट्रोल हॅचबॅक बघायला गेलो होतो. आम्ही पोहोचलो तेव्हा गाडी आधीच चालू करून ठेवलेली. मीटरवर एकही दिवा नव्हता. एजंट म्हणाला, "बघा साहेब, मीटर एकदम क्लीन."

माझ्यासोबत आलेल्या मेस्त्रींनी पहिल्यांदा गाडी बंद करायला लावली. मग चावी ऑनवर आणली, पण सेल मारला नाही. या स्थितीत गाडी स्वतःचेच दिवे तपासते, म्हणून ते सगळे पेटायला हवेत. एबीएस आणि एअरबॅगचे दिवे काही सेकंदांत आपोआप विझतात. ऑइल, बॅटरी आणि चेक इंजिन मात्र इंजिन सुरू होईपर्यंत पेटलेलेच राहतात. (बटण स्टार्टच्या गाडीत क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण दाबायचं, बहुतेक गाड्यांत दोनदा.)

ऑइल पेटला, बॅटरी पेटली, एअरबॅग पेटून विझला. इंजिनच्या चित्राची जागा मात्र काळीच. उन्हामुळे दिसत नसेल म्हणून मी काचेवर हाताचा आडोसा धरला, मोबाइलवर व्हिडिओ काढला. तरी काही नाही. एजंट म्हणाला, "या मॉडेलला तो दिवा येतच नाही." ग्लोव्ह बॉक्समध्ये गाडीचं मॅन्युअल होतं. त्यातल्या मीटरच्या चित्रात तो दिवा स्पष्ट दाखवलेला होता.

नुसता बल्ब गेला असेल, अशी शंका मला होतीच. त्याची शहानिशा मेस्त्रींच्या स्कॅनरने झाली. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला त्यांनी तो लावला. स्क्रीनवर आलं: `MIL ON`, आणि खाली कोड `P0420`. म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर दिवा पेटव म्हणून सांगत होता आणि मीटरवर अंधार होता. कोड कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, नीट काम करत नसल्याचा. या दोषात गाडी चालवताना बहुधा काहीच जाणवत नाही, त्यामुळे टेस्ट ड्राइव्हवर मला ते कधीच कळलं नसतं. दिव्यावर आतून टेप लावली होती की दिवाच काढला होता, ते मीटर उघडल्याशिवाय सांगता येणार नव्हतं. उघडू द्यायला एजंट तयार नव्हता.

घरी येताना मेस्त्रींनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला जास्त घाबरवून गेली. काही जण एअरबॅगच्या दिव्याची वायर ऑइलच्या किंवा बॅटरीच्या दिव्याला जोडतात. मग तो पेटतोही आणि विझतोही, पण इंजिन सुरू होताच, त्यांच्याच बरोबर. म्हणून चावी ऑनवर ठेवून दहा-पंधरा सेकंद थांबायचं. एअरबॅगचा दिवा एकटा, आधी विझला पाहिजे. कोड आदल्या दिवशी पुसले असतील तर स्कॅनरही स्वच्छ दिसतो. अशा वेळी गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झालेल्या नसतात आणि स्कॅनरवर त्या `incomplete` दिसतात. त्या तशा दिसल्या, तर गाडी काही दिवस चालवून पुन्हा स्कॅन करू दे, असं मेस्त्री एजंटला सांगतात.

टोकन मी दिलं नाही. पुढच्या रविवारी दुसरी गाडी बघितली, तिथे पोहोचण्याआधीच मालकाला फोन करून सांगितलं, "दादा, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका."