गाइड बदलून मिळण्याबाबत

कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या पीजी डिपार्टमेंटच्या ऑफिसात मी काम करतो, संशोधन केंद्राच्या फायली माझ्याकडं असतात. म्हणजे पीएचडीच्या पोरांची रजिस्ट्रेशनं, सहा-सहा महिन्यांचे प्रगती अहवाल, मीटिंगची इतिवृत्तं, सगळं माझ्या कपाटात. गाइड बदलायचे अर्ज येतात अधूनमधून, पण ते बहुतेक गाइड रिटायर झाले म्हणून. "गाइड मार्गदर्शनच करत नाहीत" असं कागदावर लिहून आणणारी ही पहिलीच मुलगी, आणि ती फाइल बंद झाली तरी माझ्या डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

तिचा विषय आपल्याकडचाच, गुऱ्हाळघरातले मजूर. करवीर आणि पन्हाळा तालुक्यातली गुऱ्हाळं फिरून माहिती गोळा करायची होती. तिसरं वर्ष चालू होतं. "काका, हा अर्ज इनवर्ड करून घ्या" म्हणून दोन पानं पुढं ठेवली. मी वाचला. सर फोन उचलत नाहीत, भेट देत नाहीत, मला मानसिक त्रास होतोय, माझं आयुष्य वाया चाललंय, सगळं असंच. खोटं एक अक्षर नव्हतं, पण त्यात एक तारीख नव्हती. असा अर्ज आत गेला की काय होतं ते मला माहीत आहे, सरांना बोलावतात, सर म्हणतात मुलगी अनियमित आहे, दोघांना समजावून सांगतात आणि विषय संपतो. वर पहिल्याच ओळीत "मार्गदर्शकांच्या मार्फत" लिहिलेलं, म्हणजे ज्यांच्याबद्दल तक्रार त्यांचीच सही घेऊन अर्ज पुढं जाणार.

मी तिला बसवलं आणि आधी एकच विचारलं, "सर वाईट बोलतात, वाईट वागतात, असं काही आहे का? असेल तर तो वेगळा अर्ज, तो तक्रार समितीकडं जातो, मी आत्ता लिहून देतो." ती म्हणाली, "नाही ओ काका, सर चांगले आहेत बोलायला. बघतच नाहीत फक्त काही." मग म्हटलं तो त्रासाचा शब्द काढ, नाहीतर चौकशी त्याच एका शब्दाची होत बसेल आणि तुझी प्रश्नावली तशीच राहील.

कारण खरी गोष्ट ती प्रश्नावलीच होती, आणि ती दुसऱ्या पानाच्या शेवटी अर्ध्या ओळीत दडली होती! गुऱ्हाळं दिवाळीच्या आसपास पेटतात आणि साधारण मार्चपर्यंत चालतात, मजूर त्याच दिवसांत एका जागी सापडतो, नंतर तो कुठं गेला कुणालाच माहीत नसतं. हिनं 9 सप्टेंबरला सरांना ईमेलनं प्रश्नावली पाठवली होती, ऑक्टोबरमध्ये दोनदा आठवण केली होती, उत्तर आलं 21 मार्चला, "बघतो". गाइडनी मान्य केल्याशिवाय फील्डवर जायचं नाही ही आमच्याकडची पद्धत. एक अख्खा हंगाम गेला, म्हणजे तिच्या कामाचं एक वर्ष गेलं. एवढं जरी अर्जात पहिलं आलं तरी वाचणाऱ्याला पुढं काही सांगायला लागत नाही.

दुसरं, तिनं पिशवीतून प्रकरण दोनची स्पायरल कॉपी काढली. सात महिन्यांनी परत आलेली. पहिल्या पानावर एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेला, चौथ्या पानावर समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह, आणि पुढची सगळी पानं कोरी. कशाबद्दलचं प्रश्नचिन्ह ते तिलाही कळलं नव्हतं. मी त्या पानांची झेरॉक्स जोडायला सांगितली. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट नकोत म्हटलं, त्यात "सर येऊ का" एवढंच असतं, काय काम दिलं होतं ते दिसत नाही. ईमेलचं तसं नसतं, तारीख, जोडलेली फाइल, सगळं एका पानावर येतं.

आता अडचण. तिची फाइल काढली तर तिन्ही अहवालांवर "प्रगती समाधानकारक". यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे दर सेमिस्टरला विद्यार्थ्यानं संशोधन सल्लागार समितीपुढं, म्हणजे आरएसीपुढं, काम मांडायचं असतं, आणि त्या समितीचे निमंत्रक असतात खुद्द गाइड. विद्यार्थ्याची प्रगती असमाधानकारक असेल तर कारणं लिहायची सोय आहे, गाइडनी काय केलं ते लिहायला आमच्या फॉर्मवर रकानाच नाही. मार्गदर्शकाच्या अभिप्रायात तिन्ही वेळा तेच वाक्य, "काम नियमित चालू आहे." शब्दन् शब्द तोच. मी तिला म्हटलं ही गोष्ट लपवू नको, उलट अर्जातच लिही की समितीनं अमुक तारखेला नमुना निवडीबद्दल सूचना केली, त्यावर मी अमुक तारखेला मसुदा दिला, त्यावर आजपर्यंत चर्चा झाली नाही. म्हणजे अहवाल आणि अर्ज एकमेकांच्या विरोधात उभे राहत नाहीत.

शेवटी अर्ज एका पानाचा झाला. "मार्फत" ठेवलं, पण वर "आगाऊ प्रत" लिहून थेट विभागप्रमुखांच्या नावे दिला, आणि तिच्या ओसीवर, म्हणजे तिच्याकडं राहणाऱ्या प्रतीवर, आवक नंबर आणि तारीख टाकून शिक्का मारून दिला. पोच हातात नसली की अर्ज आलाच नव्हता म्हणायला वेळ लागत नाही. मागणी स्पष्ट लिहिली, गाइड बदलावा, विषय आणि मूळ रजिस्ट्रेशनची तारीख तीच राहावी. ही तारखेची ओळ बरीच पोरं विसरतात, आणि मग नवीन रजिस्ट्रेशन समजायचं का यावर महिने जातात. तिची फेलोशिप पण होती, तिच्या अहवालावर गाइडची सही लागते, त्यामुळं अर्ज दिल्यावर सही अडली तर काय, ही तिची खरी भीती. अर्जात शेवटी लिहिलं, निर्णय होईपर्यंत अहवालावर विभागप्रमुखांनी सही करावी.

विभागप्रमुख मॅडमनी आधी को-गाइड सुचवले, सरांना वाईट वाटायला नको म्हणून. मला हे पटत नाही, को-गाइड दिला की राबणारं माणूस एक वाढतं आणि सही आधीच्याच टेबलावर अडकून राहते. मुलीनंही नको म्हटलं. एक दुसऱ्या मॅडम तयार होत्या, पण त्या असिस्टंट प्रोफेसर, त्यांना नियमानं चारच विद्यार्थी घेता येतात आणि चारही भरलेले. त्यांच्या एका मुलाची वायवा होऊन जागा मोकळी होईपर्यंत अर्ज पडून राहिला, तोवर पुढचा हंगाम तोंडावर आला होता.

मीटिंगमध्ये सरांनी एक शब्द न बोलता ना हरकत सही केली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मलाच सांगायचं होतं की तिनं." माणूस वाईट नाही, नॅक, परीक्षा, प्रवेश सगळं त्यांच्याच गळ्यात घातलंय कॉलेजनं. पण मग सहा विद्यार्थी घ्यायचे कशाला?

आणि इतिवृत्त लिहायला बसलो तर मॅडमनी सांगितलं ते वाक्य असं, "विषयाच्या अनुषंगाने व परस्पर संमतीने मार्गदर्शक बदलास मान्यता." प्रश्नावली नाही, हंगाम नाही, काही नाही. पोरीचं काम झालं, नव्या मॅडमनी प्रश्नावली आठवड्यात बघून दिली, ती दिवाळीनंतर गुऱ्हाळांवर गेली सुद्धा.

त्यानंतर नव्या प्रवेशासाठी रिक्त जागांची यादी टाइप करायची होती, ती मीच करतो. सर असोसिएट प्रोफेसर, मर्यादा सहा, भरलेले पाच, रिक्त एक. गडहिंग्लजच्या एका मुलाचा फोन आला, सरांकडं जागा आहे का, सर कसे आहेत. मी जागा आहे एवढंच सांगितलं, त्या खुर्चीवरून दुसरं काय सांगणार. मॅडमना विचारलं की यादी लावायच्या आधी जुने आरएसी अहवाल आणि अर्ज कमिटीपुढं ठेवूया का, त्या म्हणाल्या, नियमात तसं कुठं आहे? नाहीच आहे. मी तशी टिपणी लिहून फाइलला लावलीय, अजून त्यावर शेरा आलेला नाही.