लूप थंड होईपर्यंत

मागच्या जुलैत मी वडोदऱ्यातल्या एका छोट्या टेस्टिंग लॅबमध्ये ट्रेनी म्हणून लागले. बी.एस्सी. होऊन चार वर्षं झाली होती आणि मधली सगळी वर्षं घरात गेली होती. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी माझ्या हातात एक टेस्ट ट्यूब दिली. आत गढूळ ब्रॉथ, म्हणजे बॅक्टेरिया वाढवायचं पोषक द्रावण. म्हणाल्या, "यात दोन बॅक्टेरिया मिसळलेत. वेगळे करून मला दोन स्लँट दे. ते शुद्ध निघाले की खऱ्या सॅम्पलला हात लावायचा." स्लँट म्हणजे ट्यूबमध्ये तिरपा गोठवलेला अगार, बॅक्टेरिया वाढवायची जेली. कुठले दोन, तेही सांगितलं: सेराशिया मार्सेसेन्स, ज्याच्या कॉलनी, म्हणजे अगारवर वाढलेले ठिपके, लाल येतात, आणि मायक्रोकोकस ल्युटिअस, ज्याच्या पिवळ्या येतात. रंग ठाऊक असल्यावर यात काय अवघड, असं मला वाटलं. या कामाला सोळा दिवस लागले.

कॉलेजात स्ट्रीकिंग केलं होतं. अगारच्या प्लेटवर लूपने, म्हणजे तारेच्या वळशाने, नागमोडी रेघा मारायच्या, एवढंच डोक्यात उरलं होतं. त्या रेघांचं खरं काम पातळ करण्याचं असतं, हे विसरले होते. रात्रभर वाढलेल्या ब्रॉथच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे शंभर कोटी पेशी असू शकतात. एक मायक्रोलिटर उचलणाऱ्या लूपने नुसता थेंब घेतला तरी दहा लाख पेशी आल्या. त्या दहा लाखांतली एखादीच पेशी अगारवर मोकळ्या जागी एकटी पडावी, तिथेच वाढून तिची कॉलनी व्हावी, यासाठी सगळा खटाटोप. प्लेटचे चार भाग मानायचे. पहिल्यात ब्रॉथ दाट पसरायचं, लूप जाळायचं, मग पहिल्याच्या कडेवरून दोन-तीन रेघा ओढून दुसऱ्यात न्यायच्या. पुन्हा जाळायचं, दुसऱ्यातून तिसऱ्यात. पुन्हा जाळायचं, तिसऱ्यातून चौथ्यात. लूप जाळल्यामुळे मागचा साठा संपतो आणि पुढच्या भागात फक्त त्या दोन-तीन रेघांनी उचललेलं जातं. हे 'फक्त' म्हणजेच सगळं तंत्र.

पहिली प्लेट मी सोमवारी केली. तीन दिवस पावसाची झड लागली होती, दांडिया बाजारातून लॅबला येईपर्यंत ओढणी भिजली होती. लॅबमध्येही हवा ओली. प्लेट आदल्या संध्याकाळी ओतल्या होत्या. अगार जरा जास्तच गरम असताना ओतला गेला होता, त्यामुळे झाकणाच्या आत थेंब जमले होते आणि अगारवरही पाण्याचा चकचकीत थर होता. तो मला दिसला, पण काही वाटलं नाही. बुधवारी प्लेट उघडली तर लालसर गुळगुळीत लेप. रेघा ओळखूच येईनात. पाण्याच्या थरावरून पेशी वाहत गेल्या होत्या, आणि सेराशियाला तर हलायला स्वतःचे धागेही असतात.

लॅबमधले काका मराठी. वाड्याजवळच्या गल्लीत तीन पिढ्या गेलेल्या, घरी मराठी, बाहेर गुजराती, आणि प्लेटशी बोलताना दोन्ही. त्यांनी माझी प्लेट तिरकी धरून उजेडात फिरवली. "हे प्लेटवर पोहायला गेलेत. आधी वाळवायला नको होती?" त्यांनी दाखवलं: प्लेट उलट्या करून, झाकण थोडं तिरकं ठेवून, इन्क्युबेटरमध्ये ३७ अंशांवर वीसेक मिनिटं. वर ओल दिसेनाशी झाली की लगेच काढायच्या, जास्त वाळवल्या तर अगारच तडकतो. ओतताना अगार ४५ ते ५० अंशांच्या आसपास असावा, म्हणजे फ्लास्क हाताला गरम लागतो पण धरवतो. तेव्हापासून मी प्लेट वापरण्याआधी काकांसारखीच उजेडात तिरकी धरते.

दुसरी प्लेट कोरडी होती. यावेळी गडबड लूपने केली, म्हणजे मीच. आमच्याकडे नायक्रोमची तार, लाकडी मुठीत बसवलेली, टोकाला दोन-तीन मिलिमीटरचा वळसा. बर्नरच्या ज्योतीत धरली की तार पार लाल होते, आणि ती थंड व्हायला वाटतं त्याहून जास्त वेळ लागतो. मी लाल रंग गेला की लगेच प्लेटला लावायचे. काळी तार म्हणजे थंड तार असं डोळ्यांना वाटतं, पण तसं नसतं. पहिल्या भागावरून मी दुसरी रेघ ओढली तेव्हा 'च्च्' असा बारीक आवाज आला. फोडणीत मोहरी टाकण्याआधी तेलात पाण्याचा थेंब पडला की येतो, तसा. काका पलीकडून म्हणाले, "ठंडुं थवा दो, बेन." मराठीत रागावायचं नसेल तेव्हा ते गुजरातीत बोलतात.

दोन दिवसांनी प्लेट बघितली तर पहिला भाग भरघोस, आणि दुसऱ्या भागापासून पुढे कोरा अगार. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला मात्र अगारमध्ये बारीक वितळलेली चर होती. तीच खूण. गरम तारेने जे उचललं ते तिथेच मेलं. पुढच्या भागांत वाढ कमी कमी होत गेली तर ती पातळ होत जाण्याची खूण. इथे एकदम सगळं थांबलं होतं, तेही चरेपाशी.

तिसऱ्या प्लेटला मी थांबायचं ठरवलं, पण हात कसा थांबवायचा तेच ठरवलं नव्हतं. दूध थंड करताना करतो तशी लूपवर फुंकर मारली. अगदी नकळत. मॅडम समोरच उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत, पण म्हणाल्या, "आता तुझ्या तोंडातलेही आले." तारेवर फुंकर मारायची नाही आणि ती हवेत हलवायचीही नाही. बर्नरच्या शेजारी, स्थिर धरून मनात पंधरापर्यंत मोजायचं. मग प्लेटच्या कडेला, जिथे काही पेरलेलं नाही अशा ठिकाणी अगारला टेकवायचं. आवाज आला नाही आणि खड्डा पडला नाही, तर लूप थंड.

जाळण्याचीही रीत आहे. ब्रॉथ लागलेला लूप थेट ज्योतीच्या सर्वांत गरम भागात घातला तर थेंब उकळून उडतो आणि त्यासोबत जिवंत पेशीही हवेत जातात. म्हणून आधी निळ्या शंकूच्या आत, कमी गरम जागी तो वाळू द्यायचा, मग हळूहळू वर सरकवायचा आणि सगळी तार, टोकापासून मुठीपर्यंत, लाल होऊ द्यायची. मुठीच्या खालचा भागही ज्योतीतून पटकन काढायचा, कारण ट्यूबमध्ये तो आत जातो.

ट्यूब उघडणं मला सर्वांत कठीण गेलं. उजव्या हातात लूप, त्याच हाताच्या करंगळीने कापसाचं बूच खेचायचं आणि ते करंगळीत धरूनच ठेवायचं. टेबलावर ठेवायचं नाही. ट्यूबचं तोंड ज्योतीतून एकदा फिरवायचं, ब्रॉथ घ्यायचं, परत तोंड फिरवायचं, बूच लावायचं. पहिले दोन दिवस माझं बूच सारखं पडायचं. मी घरी रिकामी औषधाची बाटली आणि कापसाचा बोळा घेऊन टीव्हीसमोर सराव केला. सासूबाईंना वाटलं मला डॉक्टरांनी बोटांचा व्यायाम दिलाय.

प्लेटचं झाकण पूर्ण काढायचं नाही, एका बाजूने शिंपल्यासारखं उघडायचं, तेही लूप आत जाईल एवढंच. फिरता पंखा बंद. एवढं करूनही तिसऱ्या प्लेटवर एक पांढरी, केसाळ बुरशी आलीच. पण ती रेघेपासून लांब, मोकळ्या अगारवर होती. रेघेवर नाही म्हणजे लूपमधून आली नाही, झाकण उघडताना हवेतून पडली. फुंकरीच्या लूपमधलं काही आलं असतं तर ते रेघेवरच आलं असतं. प्लेटमध्ये कोण कुठे उगवलंय यावरून चूक कुठे झाली ते वाचता येतं, हे मला इथे कळलं.

तिसऱ्या प्लेटचा चौथा भाग अजून दाटच होता. मी जुन्या भागातून सात-आठदा लूप फिरवला होता. आणि दाब! लूप अगारवर आडवा ठेवून, पेन्सिलसारखा धरून, केवळ त्याच्या वजनाने सरकवायचा. आई म्हणायची, सायीवर बोट फिरवावं पण साय फाटू नये, तसंच हे. काकांनी दोनदा माझं मनगट सैल केलं.

चौथी प्लेट नीट झाली. उलटी करून ३० अंशांवर ठेवली. ३७ अंशांवर सेराशियाचा लाल रंग सहसा येत नाही, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं. चोवीस तासांनी चौथ्या भागात सुट्या, गोल, लाल ठिपक्यांची ओळ. मी आनंदाने एक मोकळी दिसणारी लाल कॉलनी उचलली, नव्या प्लेटवर पुन्हा स्ट्रीक केली आणि मॅडमना दाखवायला दोन दिवस थांबले. नव्या प्लेटवर लाल कॉलनी आल्या, आणि त्यांच्यामध्ये तीन बारीक पिवळ्या.

मला वाटलं लूप नीट जाळला गेला नाही. पण चूक घाईची होती. मायक्रोकोकस सावकाश वाढतो. चोवीस तासांनी सेराशिया ठळक दिसतो, मायक्रोकोकसचा ठिपका डोळ्याला दिसतही नाही. माझ्या 'मोकळ्या' लाल कॉलनीच्या अंगाला तो न दिसणारा शेजारी चिकटलेला असणार. जुनी चौथी प्लेट फ्रिजमध्ये न टाकता इन्क्युबेटरमध्येच राहिली होती. ती काढून पाहिली तर कालपर्यंत रिकाम्या वाटणाऱ्या जागांत आता पिवळे ठिपके भरले होते.

त्यानंतर मी दोन्ही पूर्ण अठ्ठेचाळीस तास वाढू दिले, शेजाऱ्यांपासून लांबची एक लाल आणि एक पिवळी निवडली आणि दोन्ही पुन्हा दोनदा स्ट्रीक केल्या. सुटी कॉलनी नेहमी एकाच पेशीची असेल असं नाही. मायक्रोकोकसच्या पेशी चार-चारच्या पुंजक्याने राहतात आणि एखाद्या पुंजक्याला दुसरा चिकटूनही येऊ शकतो. म्हणून परत परत स्ट्रीक. दोन्ही प्लेटवर सलग दोनदा एकाच जातीची कॉलनी आली तेव्हा ग्रॅम स्टेन केला, म्हणजे पेशींना रंग देऊन मायक्रोस्कोपात पाहिलं. पिवळीत जांभळे गोल, चारच्या चौकड्यांत. लालमध्ये गुलाबी आखूड काड्या, एकही जांभळा ठिपका नाही. काकांनी मायक्रोस्कोपात डोकावून नुसतं "हं" केलं.

दोन स्लँटवर नाव आणि तारीख लिहिली, तीही ट्यूबवर, बुचाच्या कागदावर नाही. मॅडमनी पिवळी ट्यूब उजेडात धरली, लाल ट्यूब धरली, आणि सोमवारपासून बोअरवेलचे सॅम्पल माझ्याकडे येतील म्हणाल्या.