साठ आयत आणि खराट्याच्या चार काड्या

रविवारी रात्री स्वयंपाकघर आवरून मी सोहमची सराव परीक्षेची उत्तरपत्रिका घेऊन बसले. तो पाचवीत आहे, शिष्यवृत्तीला बसलाय. (आमच्या वेळी ही परीक्षा चौथीला असायची आणि आई-बाबांना ती कधी झाली तेही निकालानंतर कळायचं, पण ते असो.) बुद्धिमत्ता चाचणीतला एक प्रश्न त्यानं सरळ सोडून दिला होता. आकृती साधी होती. एका ओळीत चार घरं, अशा तीन ओळी, म्हणजे खिडकीची बारा चौकटींची जाळीच. खाली विचारलं होतं, आकृतीत एकूण आयत किती? पर्याय ४८, ५४, ६० आणि ७२.

"मोजायचे ना सरळ, सोडलास कशाला?" असं म्हणून मी पेन्सिल घेतली. सुटी घरं बारा. मग दोन-दोन घरांचे आडवे, दोन-दोनचे उभे, मग तीनचे, मग चार घरांचे चौकोनी, असं जसं दिसेल तसं मोजत गेले. ५६ आले. पर्यायांत ५६ नाहीच. पुन्हा मोजले तर ६१. सोहम शेजारी उभा राहून हसत होता, आणि त्याचं हसणं रास्त होतं.

तिसऱ्यांदा मात्र नीट मांडून मोजायचं ठरवलं. आधी एकाच ओळीच्या उंचीचे आयत घेतले. एक घर रुंद असे १२. दोन घरं रुंद असा आयत एका ओळीत तीन ठिकाणी बसतो आणि ओळी तीन, म्हणून ९. तीन घरं रुंद ६. चार घरं रुंद ३. बेरीज ३०. मग दोन ओळी उंच, त्याच क्रमानं: ८, ६, ४, २. बेरीज २०. आणि तीन ओळी उंच: ४, ३, २, १. बेरीज १०. एकूण ६०. पहिल्या खेपेला दोन ओळी उंच आणि तीन घरं रुंद असे चार आयत माझ्या नजरेतून निसटले होते, म्हणून ५६. ६१ कसे आले ते देवाला ठाऊक. एखादा दोनदा मोजला असणार.

उत्तर मिळालं, पण त्या तीन बेरजा मला सोडेनात. तीस, वीस, दहा. म्हणजे तीन दहा, दोन दहा, एक दहा. मिळून सहा दहा. हे दहा कशाचे?

मी माझ्या भावाला फोन लावला. तो क्लासमध्ये स्पर्धा परीक्षांची पोरं शिकवतो. तो म्हणाला, "ताई, त्यात काय? वरच्या घरांवर १, २, ३, ४ लिही, बाजूला १, २, ३ लिही. वरची बेरीज दहा, बाजूची सहा. गुणाकार साठ. झालं." मी विचारलं, "का पण?" तर म्हणे, "अगं, परीक्षेत 'का' विचारत नाहीत." युक्ती पक्की होती. पण तिच्यातही तेच दहा आणि तेच सहा आले, आणि झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आकृती जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे मोठी काढली. पाच उभ्या रेघा, त्यांना अ, ब, क, ड, इ अशी नावं दिली. चार आडव्या रेघा, त्यांना १, २, ३, ४. काढताना पहिल्यांदा लक्षात आलं की आपण घरं मोजत होतो, रेघांकडे बघितलंच नव्हतं. घरं चार असली तरी रेघा पाच. घरं तीन, पण रेघा चार.

खराट्याच्या चार काड्या मोडून आणल्या. सोहमला म्हटलं, "दोन काड्या कुठल्याही दोन उभ्या रेघांवर ठेव." त्यानं ब आणि ड वर ठेवल्या. "आता दोन आडव्या रेघांवर." त्यानं १ आणि ३ वर ठेवल्या. चार काड्यांच्या मधे एक आयत उठून दिसायला लागला, दोन घरं रुंद, दोन घरं उंच. काड्यांची टोकं बाहेर लोंबत होती, पण मधला तुकडा स्पष्ट होता.

"आणि शेजारच्या रेघा नाही घेतल्या, एकदम लांबच्या घेतल्या तर?" त्यानं अ आणि इ, १ आणि ४ घेतल्या. सगळी जाळीच एक आयत झाली. मग त्याला तो खेळच झाला. तो काड्या सरकवी आणि मी आयत दाखवी. थोड्या वेळानं उलट केलं. मी बोटानं कुठलाही आयत दाखवायचा आणि त्यानं चार रेघांची नावं सांगायची. "क, ड, २, ४." "अ, ब, १, २." एकदाही दोन उत्तरं निघाली नाहीत, आणि उत्तर नाही असंही झालं नाही. आयताला डावी कड एक, उजवी एक, वरची एक, खालची एक. त्या चार कडा कुठल्या ना कुठल्या रेघेवर असणारच. म्हणजे आयत मोजणं आणि रेघांच्या निवडी मोजणं ही एकच गोष्ट. माझा ६१ वाला घोळ इथं होऊच शकत नाही, कारण एक आयत दोन वेगळ्या निवडींतून येत नाही.

आता पाच उभ्या रेघांतून दोन किती तऱ्हांनी निवडता येतात? अ ची जोडी ब, क, ड, इ या चौघींशी. ब ची अ शी झालेलीच आहे, नव्या तीन. क च्या नव्या दोन. ड ची एक. चार, तीन, दोन, एक, बेरीज दहा. भावाच्या युक्तीतले वर लिहायचे १, २, ३, ४ हेच होते! घरांवर लिहिले असले तरी ते मोजत होते रेघांच्या जोड्या. तसंच चार आडव्या रेघांच्या जोड्या ३ + २ + १ म्हणजे सहा. उभ्या रेघांची प्रत्येक जोडी आडव्या प्रत्येक जोडीबरोबर एक आयत देते, म्हणून दहा गुणिले सहा. माझ्या तक्त्यातले दहा म्हणजे आयताची डावी-उजवी कड ठरवायच्या दहा तऱ्हा. एक ओळ उंच आयताला वर-खाली बसायला तीन जागा, दोन ओळी उंचला दोन, तीन ओळी उंचला एक. त्या सहा.

सोहमला वाटलं, आता बेरजा कशाला, सरळ गुणाकार करू. पाच रेघा, पहिली काडी पाच ठिकाणी, दुसरी उरलेल्या चार ठिकाणी, म्हणून वीस. आडव्या चार गुणिले तीन, बारा. वीस बारे २४०. चेहरा विजयी. मी काहीच बोलले नाही, कागदावर फक्त एक सुटं घर काढून दिलं. "यात आयत किती?" "एक." "तुझ्या रीतीनं काढ." दोन उभ्या रेघा, दोन गुणिले एक दोन. आडव्यांचेही दोन. उत्तर चार. तो काड्यांकडे बघत बसला, मग म्हणाला, "आधी अ आणि मग ब ठेवली काय, आधी ब आणि मग अ ठेवली काय, आयत तोच." बरोबर. म्हणून वीसचे निम्मे दहा, बाराचे निम्मे सहा.

दुसरी चूक माझ्या भाचीनं केली. ती सातवीत आहे. तिनं रेघांऐवजी घरं धरली. चार घरांच्या जोड्या सहा, तीन घरांच्या जोड्या तीन, उत्तर १८. हीसुद्धा सुट्या घरावर लगेच पकडली जाते, कारण एकाच घराची जोडीच होत नाही, उत्तर शून्य येतं. तेव्हापासून आमच्याकडे कुठलीही नवी रीत आधी सुट्या घरावर, मग दोन बाय दोनच्या जाळीवर घासून बघतात. तिथं नऊ यायला हवेत: चार सुटे, दोन आडवे, दोन उभे, एक मोठा.

वाद एकच झाला, चौरसाला आयत म्हणायचं का यावर. सोहमच्या डोक्यात आयत म्हणजे लांबट. पण चारही कोन काटकोन असलेला चौकोन तो आयत, आणि चौरस त्यात बसतो. ६० मध्ये चौरस धरलेलेच आहेत.

पुढच्या आठवड्यातल्या सराव पेपरात तीच जाळी आली, पण वरच्या डाव्या कोपऱ्यातलं घर कापलेलं. सोहमनं बिनधास्त ६० लिहून टाकलं आणि चुकला. अ रेघ आता वरपर्यंत जात नाही, १ नंबरची रेघ डावीकडे टोकापर्यंत पोचत नाही. सगळ्या रेघा या कडेपासून त्या कडेपर्यंत अखंड असतील तरच ही रीत चालते, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. मग काड्या पुन्हा काढल्या. कापलेलं घर ज्यांच्या पोटात येत होतं ते आयत गेले, बाकीच्यांना धक्का नाही. गेलेल्यांची डावी काडी अ वर आणि वरची काडी १ वर अशी ठरलेली. उजव्या काडीला ब, क, ड, इ अशा चार जागा, खालच्या काडीला २, ३, ४ अशा तीन. चार त्रिक बारा आयत गेले. साठातून बारा वजा, उरले ४८.

दिवाळीत भाऊ आला तेव्हा सोहमनं त्याला बुद्धिबळाचा पट दाखवून विचारलं, "मामा, आयत किती?" मामा आठपर्यंत बेरीज करत होता तोवर हा म्हणाला, "रेघा नऊ. नऊ अठ्ठे बहात्तर, निम्मे छत्तीस. छत्तीस गुणिले छत्तीस, १२९६." मामानं लगेच उलटा डाव टाकला, "आणि नुसते चौरस?"

सोहमनं काड्या ठेवल्या आणि अडकला. उभ्या दोन हव्या तशा ठेवता येत होत्या, पण नंतर आडव्या दोन हव्या तशा ठेवता येईनात. उभ्यांमधे जेवढं अंतर तेवढंच आडव्यांमधे हवं. छत्तीस गुणिले छत्तीस इथं कामाचं नव्हतं. बराच वेळ पटावर काड्या सरकवल्यावर त्यानं जोड्या अंतरानुसार वेगळ्या केल्या. एका घराचं अंतर असलेल्या उभ्या जोड्या आठ, आडव्याही आठ, म्हणून ६४ चौरस. दोन घरांचं अंतर असलेल्या सात-सात, ४९. तीनच्या सहा-सहा, ३६. तसं करत आठ घरांच्या अंतराची एकच जोडी, एकच चौरस, म्हणजे अख्खा पट. बेरीज मात्र त्यानं मामाला करायला लावली. २०४.

मग तो आमच्या जुन्या कॅलेंडरच्या कागदाकडे वळला. एका घराच्या अंतराच्या उभ्या जोड्या चार, आडव्या तीन, बारा. दोनच्या तीन आणि दोन, सहा. तीनच्या दोन आणि एक, दोन. साठातले वीस चौरस, उरलेले चाळीस लांबट. "म्हणजे मी म्हणत होतो ते आयत चाळीस," तो म्हणाला, आणि काड्या गोळा करून पुन्हा खराट्यात खोचायला गेला.