दोघीही सहा वर्षांच्या, एकीला पाच, दुसरीला आठ

म्हापशातल्या लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात मी स्टॉक सांभाळते. बाहेरच्या देशांतून आलेला माल उघडायचा, सॉफ्टवेअरमध्ये चढवायचा, बारकोड लावून खाली पाठवायचा, हे माझं काम. चतुर्थीच्या आधीचे आठवडे त्यातच जातात, कारण गोव्यात नवे कपडे घ्यायचे ते चवथीला. यंदाच्या गर्दीत दोन नातींसाठी फ्रॉक घ्यायला आलेल्या एका आजीची गोष्ट माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

आधी लेबलांविषयी सांगते, कारण गाऱ्हाणं तिथूनच सुरू होतं. बाहेरून आलेल्या कपड्यावर साइज बहुधा तीन ठिकाणी असते. एक बाहेर लोंबणाऱ्या टॅगवर, दुसरी मानेमागच्या लेबलवर आणि तिसरी आतल्या बाजूच्या शिवणीत, धुण्याच्या सूचना छापलेल्या पांढऱ्या पट्टीवर. टॅगवर वर्षं मोठ्या अक्षरात असतात आणि सेंटिमीटर खाली बारीक. आयातदार आपलं नाव, पत्ता आणि किंमत असलेला स्टिकर नेमका त्या बारीक आकड्यावर चिकटवतो. एका पुरवठादाराने तर 116 वर ‘6-7 वर्षे’ असा आपलाच स्टिकर मारून माल पाठवला होता. 116 म्हणजे 5-6. म्हणून मी टॅगवर विश्वास ठेवत नाही. कपडा उलटा करते आणि शिवणीतली पट्टी वाचते.

युरोपातल्या साइज मुळात उंचीवर चालतात. लेबलवरचा 116 म्हणजे फ्रॉकची लांबी नव्हे, तो ज्या मुलीला बसेल तिची उंची. दोन साइजमध्ये 6 सेंटिमीटरचं अंतर असतं, कारण साधारण चार ते दहा या वयात मूल वर्षाला पाच ते सात सेंटिमीटर वाढतं. त्यामुळे एक साइज म्हणजे एक वर्ष हे गणित जमून जातं. वयाला 6 ने गुणायचं आणि 80 मिळवायचे. चार वर्षांना 104, पाचला 110, सहाला 116, आठला 128. लेबलवर ‘5-6’ असं असेल, जसं इंग्लंडच्या मालावर असतं, तर मोठा आकडा धरायचा. हे दोन वर्षांपासून पुढे चालतं. त्याखाली महिन्यांच्या साइज लागतात आणि तिथे गणित मोडतं. बारा महिन्यांचा कपडा एका देशाच्या मापाने 80 चा, तर दुसऱ्याच्या मापाने 74 चा निघतो.

फ्रेंच माल वेगळा. त्यांच्याकडे सहा वर्षांचं माप 114, आठचं 126, दहाचं 138. म्हणजे 80 ऐवजी 78 मिळवायचे. दोन सेंटिमीटरने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते यामुळे, की बऱ्याच फ्रेंच ब्रँडांत सहानंतर सात नसतोच, थेट आठ. तिथे एका उडीत बारा सेंटिमीटर जातात. नवीन लॉट आला की मी प्रत्येक साइजचा एक नग टेबलावर अंथरून छाती, खांदा आणि लांबी मोजते. लेबल खरं बोलतंय की नाही ते तेव्हाच कळतं. हे काम कुणी सांगितलेलं नाही, पण त्याशिवाय माल खाली पाठवायला माझा हात धजत नाही.

तर त्या आजी डिचोलीहून आल्या होत्या. सोबत सून आणि नात. दुसरी नात लेकीची, इंग्लंडमध्ये स्विंडनला राहणारी, चवथीला घरी येणार होती. दोघी एकाच वर्षाच्या, सहा नुकती पूर्ण झालेली. आरतीला दोघींना एकसारखे फ्रॉक हवेत, एवढंच आजींचं म्हणणं. आमच्या सेल्समनने फ्रेंच लॉटमधला मोतिया रंगाचा, कमरेला शिवण असलेला फ्रॉक काढला आणि सहाचे दोन नग काउंटरवर ठेवले. ‘लहान वाटला तर एक साइज मोठी घ्या,’ हे त्याचं नेहमीचं वाक्य. मला ते मुळीच पटत नाही. ज्या लॉटमध्ये पुढची साइज बारा सेंटिमीटरवर आहे, तिथे ‘एक साइज मोठी’ म्हणजे दोन वर्षांचा कपडा.

सहाचा फ्रॉक घालून मुलगी ट्रायल रूममधून बाहेर आली आणि माझं लक्ष गेलं. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती, मुंढा बगलेखाली सैल लोंबत होता आणि कमरेची शिवण कमरेच्या बरीच खाली आली होती. नुसता लांब फ्रॉक चालून जातो, घेर खाली आला तर पोरी खूशच होतात. पण कमरेची शिवण खाली घसरली की माप चुकलंच समजायचं.

तिला खांबाजवळ उभं केलं. तिथे मी धातूची पट्टी जमिनीपासून शून्य धरून लावून घेतली आहे. शिंप्याच्या टेपने पाठीवरून मोजलं तर टेप पाठीच्या वळणावरून जाते आणि उंची जास्त येते. चपला काढल्या, वर बांधलेले केस सोडले, टाचा खांबाला टेकवल्या, नजर समोर. डोक्यावर वही आडवी धरली. 107.

‘दुसरीची उंची किती?’ मी विचारलं. आजींनी लेकीला फोन लावला. लेक म्हणाली, ‘असेल चार फूट.’ चार फूट म्हणजे जवळजवळ 122. अंदाजाने चालणार नव्हतं. मी म्हटलं, ‘ताई, तिला दाराला उभी करून डोक्यावर पुस्तक ठेवा, खूण करा आणि जमिनीपासून मोजून सांगा. सेंटिमीटरमध्ये सांगा.’ थोड्या वेळाने उत्तर आलं, साडेएकशेवीस.

हिशेब सरळ होता. 107 ला पाचचा फ्रॉक, म्हणजे 108. साडेएकशेवीसला सहाचा 114 आखूड, सात नाही, म्हणून आठचा, 126. पाचचा घालून बघितला तर खांदा जागेवर, कमर जागेवर. मी पाच आणि आठ असे दोन फ्रॉक शेजारी शेजारी ठेवले आणि सुनेचा चेहरा उतरला.

‘दोघी एकाच वयाच्या आहेत हो,’ ती म्हणाली. ‘हिला पाच आणि तिला आठ? ही वाढत नाहीये का नीट?’

मुलगी तिथेच उभी होती. आजी म्हणाल्या, ‘बाय, दोघींना सहाचाच दे. घरात आणखी बोलणी नकोत.’

मी काय बोलायचं? मी डॉक्टर नाही. पण माप ठरवताना जागतिक आरोग्य संघटनेचा वाढीचा तक्ता मी समोर ठेवते, त्यामुळे एवढं ठाऊक होतं की सहा वर्षांच्या मुलीची मधली उंची 115 च्या आसपास धरतात आणि साधारण 105 ते 125 ही सगळी मजल नेहमीच्या वाढीत मोडते. वीस सेंटिमीटरची मजल. युरोपच्या लेबलांवर 110, 116, 122, 128 अशा चार साइज तिच्यात येतात आणि त्या सगळ्या सहा वर्षांच्याच मुली. सुनेला मी हेच सांगितलं. ही 107, म्हणजे त्या मजलीच्या आत, फक्त खालच्या बाजूला. शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ते एका आकड्यावरून नाही, वर्षभरात किती वाढली त्यावरून बघतात. फ्रॉकच्या टॅगवरून बघू नका.

मग तिला आणखी एक गोष्ट दाखवली. दोघींच्या उंचीत फरक साडेतेरा सेंटिमीटरचा. टॅगवर तो तीन वर्षांचा दिसतो, कारण या ब्रँडमध्ये मधला सात नाही. हेच इंग्लंडच्या लॉटमधून घेतलं असतं तर एकीला 4-5 म्हणजे 110 आणि दुसरीला 6-7 म्हणजे 122. त्याच मुली, त्याच उंच्या आणि फरक दोनच वर्षांचा. मी तो दुसरा लॉट आणून शिवणीतल्या पट्ट्या तिला वाचायला दिल्या. तिने वाचल्या, मान हलवली. पण फ्रॉक सहाचाच घेतला.

तिला हट्टी म्हणायला माझं मन तयार नाही. आपल्याकडे बारशापासून लग्नापर्यंत पोरांची तुलना चालते. त्या घरात चवथीला पाहुणे येणार, आणि इंग्लंडची नणंद टॅग बघणारच. टॅगवर 108 आणि 126 असं असतं तर कुणाचं लक्षही गेलं नसतं. वर्षं लिहिली की मुलीचं वय आणि फ्रॉकचं वय शेजारी शेजारी येतं आणि मूल मागे पडल्यासारखं दिसतं.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या आमच्या टेलरकडे फ्रॉक दिला. खांद्यातून थोडं आत घेतलं, कमरेची शिवण वर उचलली. कापड कापायचं नाही, सगळी माया आत ठेवायची, हे मी त्याला दोनदा बजावलं. पोर महिन्याला साधारण अर्धा सेंटिमीटर वाढते. पुढच्या चवथीला ती 113 च्या आसपास असेल, तेव्हा उसवलं की फ्रॉक मूळच्या मापावर येईल. छाती मोजली, ती बारीक होती, म्हणून हे जमलं. अंगाने भरलेल्या मुलीचं उलटं होतं. उंची 110, पण छाती 122 च्या साइजची. तिथे उंचीचं माप धरून फ्रॉक दिला तर पाठीची चेन लागत नाही. मग छातीने साइज घ्यायची आणि खालून लांबी कमी करायची.

त्याच संध्याकाळी मालकांशी बोलले. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये साइजचा एकच रकाना आहे आणि त्यात वय भरायचं. इंग्लंडचा खरा 6-7 आणि तो चुकीच्या स्टिकरवाला 6-7, दोन्ही एकाच रॅकवर जाऊन पडतात. परत येणाऱ्या मालात हे सर्वांत जास्त. मालकांचं म्हणणं, ‘गिऱ्हाईक वयच सांगतं, उंची कोण सांगतं?’ त्यांचंही खरं आहे. माझं म्हणणं, गिऱ्हाइकाने वय सांगू दे, आपण खांबाला उभं करून उंची वाचू. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पोरांनाही मजा वाटते.

त्यांनी अजून होकार दिलेला नाही. तोवर मी प्रत्येक टॅगच्या मागे शिवणीतल्या पट्टीवरची उंची बॉलपेनने लिहिते आणि सेल्समनला सांगून ठेवलं आहे, की आधी मागची बाजू दाखव. दिवाळीचा माल यायच्या आत उंचीचा दुसरा रकाना करून घ्यायचा आहे.