गणपतीतला शोषखड्डा

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत घराचं काम होतं. मालक मुंबईला नोकरीत. गावी कायमची राहणारी माणसं चार: त्यांचे आई-वडील, विधवा काकी आणि शाळेत जाणारा पुतण्या. नकाशात सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा या दोन चौकोनांपलीकडे काही नव्हतं, आणि गवंड्याने मापं आधीच सांगून ठेवली होती. टाकी ८ फूट बाय ५ बाय ६, खाली फरशी नाही. शोषखड्डा ४ फूट व्यासाचा, टाकीतून पाणी आणणाऱ्या नळापासून खाली ६ फूट.

टाकीला तळ नको, हे मी कोकणात इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. तळ नसला की टाकी भरत नाही, उपसावी लागत नाही, म्हणून लोक खूश. पण मग ती टाकी राहत नाही, मैल्याचा खड्डा होतो. मैला खाली बसायला आणि सडायला पाणी टाकीत एक दिवस तरी ठरावं लागतं. गळक्या टाकीत ते ठरत नाही, थेट जमिनीत उतरतं.

मी मालकांना पहिला प्रश्न विचारला तो गणपतीचा. "वीसेक जण तरी होतो, मॅडम. गौरी असतात ना आमच्याकडे." सगळा हिशेब या उत्तरावर फिरतो. वर्षभर चार माणसं, आणि भाद्रपदात आठ-दहा दिवस वीस.

टाकीला त्याचा फार फरक पडत नाही. संडासाचं पाणी माणशी ४५ लिटर धरलं तर वीस माणसांचं दिवसाला ९०० लिटर होतं. (न्हाणीचं आणि मोरीचं पाणी मी टाकीत घेतच नाही, ते नारळाच्या आळ्यांत जातं.) तळाशी साचणारा गाळ मात्र वर्षाच्या सरासरीने वाढतो, माणशी वर्षाला साधारण ७५ ते ८० लिटर. चार माणसांचा तीन वर्षांचा गाळ, पाहुण्यांची भर धरून, १००० लिटरच्या आसपास. वर तरंगणाऱ्या सायीला जागा सोडून २५०० लिटरची टाकी पुरते: आतून २ मीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद, पाण्याची खोली १.४ मीटर, त्यावर ३० सेंटिमीटर मोकळी जागा. गवंड्याची टाकी हिच्या अडीचपटीहून मोठी होती. मी ती लहान केली, तळाला काँक्रीट घातलं, आणि पाखाडीने गाडी आत येत नाही म्हणून टाकी रस्त्याच्या बाजूला घेतली. उपसणाऱ्या गाडीचा पाइप पोचत नसेल तर तीन वर्षांचा हिशेब कागदावरच राहतो.

शोषखड्ड्याचं तसं नाही. आजचं पाणी आजच जिरवावं लागतं, सरासरी तिथे चालत नाही. आणि घरात सर्वांत जास्त माणसं येतात ती नेमकी जमीन पाण्याने भरलेली असताना.

मे महिन्यात आम्ही दोन ठिकाणी चाचणी घेतली. वीतभर रुंदीचा खड्डा खणायचा, तळाला दोन इंच खडी घालायची, आदल्या दिवशी पाणी भरून जमीन भिजू द्यायची आणि दुसऱ्या दिवशी पाणी किती वेगाने उतरतं ते पट्टीने मोजायचं. गवंड्याने निवडलेल्या जागी कातळाला भेगा होत्या. तिथे ओतलेलं पाणी उभंच राहीना. तो म्हणाला, "बघा, किती झकास जिरतंय!" मला नेमकी त्याचीच भीती वाटली. टाकीतून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ नसतं. त्यातले जंतू मातीतून हळूहळू झिरपतानाच अडकतात, मरतात. जांभ्याच्या भेगेतून धावणारं पाणी गाळलं जात नाही, आणि उताराला १५ मीटरवर त्यांची पिण्याची विहीर होती. भारतीय मानक १८ मीटरचं अंतर सांगतं, पण भेगाळ कातळात मी तेवढ्यावरही विसंबत नाही.

दुसरी जागा विहिरीपासून लांब, बाजूच्या मळ्यात, लाल मातीची. तिथे अर्ध्या तासात पाणी ८३ मिलिमीटर उतरलं, म्हणजे २५ मिलिमीटर उतरायला ९ मिनिटं. मानकात या मिनिटांच्या वर्गमूळाने १३० ला भागतात. ४३ आले. खड्ड्याच्या भिंतीचा प्रत्येक चौरस मीटर दिवसाला ४३ लिटर पाणी घेईल, म्हणजे ९०० लिटरना २१ चौरस मीटर भिंत हवी. गवंड्याच्या खड्ड्याची जेमतेम ७ होते.

मालक म्हणाले, "आठ दिवसांसाठी एवढा खर्च?" प्रश्न रास्त होता. मी बाजूला आठ फुटांचा एक खड्डा खणून घेतला, वर पत्रे टाकले, भोवती बांध घातला आणि जुलैपर्यंत थांबा म्हटलं. पावसात पायाचं काम तसंही होणार नव्हतं.

जुलैत पत्रे काढले तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. खड्ड्यात जमिनीपासून पाच फुटांवर स्वच्छ पाणी उभं होतं. मालक स्वतः आले होते, बराच वेळ त्यात बघत राहिले. नळ दोन फुटांवर धरला तर गवंड्याच्या सहा फूट खड्ड्यातला अर्धा भाग या पाण्यातच बुडाला असता. चाचणी पुन्हा घेतली तर ९ मिनिटांची १६ झाली. उरलेली अर्धी भिंत दिवसाला सव्वाशे लिटरही घेणार नव्हती. म्हणजे जुलैत घरच्या चार माणसांचंही पाणी तिथे मावलं नसतं, गौरी-गणपती दूरच.

भूजल इतकं वर असेल तर खोल जाण्यात अर्थ नाही, आडवं पसरावं लागतं. आम्ही उथळ चर घेतले. चराच्या तळाला तेच गणित १३० ऐवजी २०४ ने होतं. १६ चं वर्गमूळ ४, म्हणजे चौरस मीटरला ५१ लिटर, एकूण साडेसतरा चौरस मीटर. ६० सेंटिमीटर रुंदीचे, १५ मीटर लांबीचे दोन चर, समपातळीत, मध्ये २ मीटर अंतर. पाणी पाच फुटांवर येत असल्यामुळे खडीचा थर अर्धा जमिनीत आणि अर्धा वर ठेवला, त्यावर माती चढवली. त्यासाठी टाकीचा निकास उंच हवा होता, म्हणून जोतं एक फुटाने वाढवलं. जोतं आधीच झालेलं असतं तर हे जमलंच नसतं. म्हणून संडासाचा विचार घराच्या शेवटी करणाऱ्यांची मला खरोखर चीड येते. टाकी लहान केल्याने वाचलेले पैसे खडीत आणि पाइपात गेले.

पुढच्या गणपतीत गौरीजेवणाच्या संध्याकाळी मी चराच्या तपासणी-पाइपात काठी घातली. खडीत चार इंच पाणी. दुसऱ्या सकाळी एक इंच. चर काम करत होते.

पण विहिरीच्या पाण्याची बाटली काळी पडली. या बाटलीत पाणी भरून ठेवायचं, काळं झालं की मैल्याचे जंतू असण्याची शक्यता धरायची. हे आमच्या चरांमुळे नाही, कारण घरात कोणी राहायला येण्याआधी, जूनमध्ये घेतलेली बाटलीही काळीच झाली होती. विहिरीच्या वरच्या अंगाला तीन घरं आहेत. त्यांतल्या एका आजोबांना मी टाकीचं विचारलं, तर म्हणाले, "आमची टाकी पंचवीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही हो."

काकींना पाणी उकळूनच प्यायला सांगितलंय. आजोबांना विनंती केलीय की भूजल खाली गेलं की मेमध्ये टाकीचं झाकण उघडू द्या, आत पाणी ठरतंय का बघू. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.