औशाला भाव कळतो, रेणापूरला नाही

दसरा होऊन आठ दिवस झाले होते. लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीनची आवक जोरात होती आणि सौदा झाला की नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांना त्या दिवसाचा भाव मेसेजने पाठवायचं काम आमच्याकडे होतं. सलग तिसऱ्या दिवशी एका आडत्याचा फोन आला.

"सर, औशाच्या लोकाईला मेसेज पडायलेत, आमच्या रेणापूरच्यांला टायमाला येईनात. काय भानगड हाय?"

पहिल्या दोन दिवशी मी टॉवरवर ढकललं होतं. आमच्या ऑफिसात काम करणारा उदगीरचा पोरगा, याच वर्षी कॉलेजातून आलेला, त्याने मात्र यादी उघडली. यादी तालुक्यांच्या नावाने लावलेली होती: अहमदपूर, उदगीर, औसा, चाकूर असं करत शेवटी रेणापूर, लातूर, शिरूर अनंतपाळ. न गेलेले मेसेज सगळे यादीच्या शेपटाकडचे. म्हणजे टॉवरचा संबंध नव्हता. आमचाच प्रोग्राम मध्येच कुठेतरी दम सोडत होता.

दोन दिवस हे अंगावर का आलं नाही, तेही सांगतो. न गेलेल्यांची यादी काढून दहा मिनिटांनी पुन्हा चालवली की सगळे मेसेज निमूट जायचे. जी गोष्ट दुसऱ्यांदा केल्यावर होते तिच्या मागे कोण लागतं? लॉगमध्ये मात्र एकच ओळ चौदा हजार वेळा होती:

```
[Errno 99] Cannot assign requested address
```

मी आधी फायरवॉलवाल्यांशी भांडलो. त्यांचं म्हणणं, आमच्याकडे तुमची रिक्वेस्ट पोचलीच नाही. मेसेज पाठवणाऱ्या गेटवेवाल्यांचंही तेच. दोघंही खरं बोलत होते. ही चूक समोरचा देत नाही, आपलंच मशीन देतं, तेही पहिलं पॅकेट बाहेर पडायच्या आधी.

चौथ्या दिवशी यादी सुटली तेव्हा मी सर्व्हरवर बसूनच होतो. मेसेज अडकायला लागले त्या क्षणी त्याच मशीनवरून गेटवेला पिंग केलं, लागलं. दुसऱ्या एका साइटला `curl` केलं, तेही लागलं. फक्त गेटवेच्या पत्त्यावर नवं कनेक्शन होईना. मग गेटवेकडची किती कनेक्शनं बंद होऊनही रेंगाळलीत आणि मशीनला कोणते पोर्ट मिळतात, हे पाहिलं:

```
$ ss -tan state time-wait dst 10.0.4.12 | wc -l
28209
$ cat /proc/sys/net/ipv4/ip_local_port_range
32768	60999
```

60999 मधून 32768 वजा करा, एक मिळवा. 28,232 पोर्ट. आमच्या यादीत 42 हजार नावं होती आणि मेसेज अडकत होते 28 हजारांच्या आसपास. खुर्चीत बसल्या बसल्या हसू आलं. गेल्या वर्षी यादी 24 हजारांची होती, म्हणून ही भानगड कधी दिसलीच नव्हती.

टीसीपीचं कनेक्शन चार गोष्टींवरून ओळखलं जातं: आपला पत्ता, आपला पोर्ट, समोरचा पत्ता, समोरचा पोर्ट. आमच्या बाबतीत यातल्या तीन ठरलेल्या. बदलणारा फक्त आपला पोर्ट, आणि लिनक्स तो वरच्या पट्ट्यातूनच देतं. पिंगला पोर्ट लागतच नाही. दुसऱ्या साइटचा पत्ता वेगळा, म्हणून तिथे तेच पोर्ट पुन्हा चालतात.

पण काम झाल्यावर पोर्ट मोकळा का होत नाही? पोराने विचारलं तेव्हा मी त्याला वजनकाट्याचं उदाहरण दिलं. गाडीचं माप झालं, गाडी गेली, तरी तो टोकन नंबर लगेच दुसऱ्या गाडीला द्यायचा नाही. मागाहून कुणी जुनी पावती घेऊन आला तर दोन गाड्यांचा हिशेब एकात मिसळतो. टीसीपीतही जुन्या कनेक्शनचं वाटेत रेंगाळलेलं पॅकेट नव्यात शिरू नये, शिवाय निरोपाची शेवटची पोच हरवली तर ती पुन्हा देता यावी, म्हणून जो आधी बंद करतो त्याच्याकडे ते कनेक्शन टाइम-वेटमध्ये राहतं. लिनक्सवर 60 सेकंद.

आता हिशेब करा. चार प्रोसेस, प्रत्येकी सोळा थ्रेड, म्हणजे चौसष्ट. एका मेसेजला साधारण 100 मिलिसेकंद. सेकंदाला 640 नवी कनेक्शनं. 28,232 पोर्ट 44 सेकंदांत संपतात आणि पहिला पोर्ट सुटायला साठावा सेकंद उजाडावा लागतो. मधल्या काळात प्रत्येक प्रयत्न झटकन फसतो, त्यामुळे उरलेली चौदा हजार नावं काही सेकंदांत जळून जातात. आणि दहा मिनिटांनी सगळं का चालायचं, तेही इथेच उलगडतं.

"सर, मग यूडीपी वापरू की," पोरगा म्हणाला, "त्यात कनेक्शनच नसतंय." मुलाखतीत पाठ केलेलं उत्तर त्याच्या तोंडी होतं: टीसीपी भरवशाचं, यूडीपी वेगवान. पण गेटवे टीसीपीवरचं एचटीटीपी बोलतो. आपण एकट्याने ठरवून उपयोग नाही. आणि मेसेज पोचला का हे कळायलाच हवं असेल, तर यूडीपीवर ती पोच आपणच लिहायची. एचटीटीपी/3 यूडीपीवर चालतं खरं, पण त्याखालचं क्विक स्वतःचं हस्तांदोलन आणि पोच घेऊनच येतं.

चूक कोडात होती, तीही मीच लिहिलेली. प्रत्येक मेसेजला `requests.post(...)`. हा सोपा प्रकार दर वेळी नवं सेशन उघडतो आणि काम झालं की बंद करतो. एचटीटीपी/1.1 मध्ये कनेक्शन उघडं ठेवणं हाच मुळात नियम आहे, 1.0 मध्ये उलटं होतं. म्हणजे 1.1 बोलत असून मी 1.0 सारखा वागत होतो. पट्टा वाढवून 1024 पासून करता आला असता, त्याने दिवस ढकलले गेले असते इतकंच. आम्ही प्रत्येक थ्रेडला एकेक सेशन दिलं:

```python
local = threading.local()

def session():
    if not hasattr(local, "s"):
        local.s = requests.Session()
    return local.s
```

दुसऱ्या दिवशी 42 हजार मेसेज चौसष्ट कनेक्शनांवरून गेले. वेळ फारसा वाचला नाही, कारण दोन्ही मशीन मुंबईतच, साधं एचटीटीपी, आणि 100 मिलिसेकंदांतला बहुतेक वेळ गेटवेचाच होता. तेच लातूरच्या ऑफिसातून एचटीटीपीएसवर असतं तर दर वेळचं हस्तांदोलन चांगलंच जाणवलं असतं.

पण त्याच संध्याकाळी नवी ओळ दिसली, अकरा वेळा: `Remote end closed connection without response`. सोयाबीनची यादी संपल्यावर तुरीची फाइल तयार व्हायला पाचेक सेकंद लागायचे आणि गेटवे रिकामं कनेक्शन बरोबर पाच सेकंदांनी बंद करायचा. बंद झालेलं कनेक्शन लायब्ररी बहुतेकदा ओळखते आणि नवं उघडते. पण बंद केल्याचा निरोप वाटेत असताना आपण रिक्वेस्ट सोडली, तर ती हवेत जाते. मी घाईत लावलेलं उत्तर: चूक आली की परत पाठव. या चुकीचा अर्थ मात्र एवढाच, की उत्तर आलं नाही. काम झालं की नाही हे ती सांगत नाही. गेटवेच्या लॉगशी ताडून पाहिलं तर अकरापैकी दहा तिथे पोचलेच नव्हते. अकरावा पोचला होता आणि गेलाही होता. उत्तर देण्याआधी त्यांचा एक वर्कर रीस्टार्ट झाला.

म्हणून आता प्रत्येक मेसेजला आमचा एक संदर्भ क्रमांक जातो, तोच क्रमांक पुन्हा आला तर गेटवे दुसऱ्यांदा पाठवत नाही. आणि तीन सेकंदांहून जास्त रिकामं राहिलेलं कनेक्शन आम्हीच सोडून देतो.

अकरावा मेसेज नेमका रेणापूरचा निघाला. आडत्याचा फोन आलाच: "सर, कालपर्यंत एक बी टायमाला येईना, आज तुरीचा भाव दोनदा! दोन्हीत सारखाच हाय म्हणून बरं, न्हाईतर माझ्या दुकानात कल्ला झाला असता."